पोळ्याच्या लय लय शुभेच्छा, बैलायले आन राबणाऱ्यायले पण

मोठेबाबा, मोठी आई, बाबा, आई, राजूदादा, वहिनी, शंकरदादा, तुमा सगळ्यायले पोळ्याच्या लय लय शुभेच्छा 🙏 सकाळपासून ग्रुपवर झूल घातलेल्या बैलाचे रेडीमेड फोटो येऊन रायले, त्यातला एकही बैल आपल्याकडचा वाटत नाही, सगळे कसे पावडर लावल्यासारखे, म्हणून म्हटलं आपल्या घरच्यासाठी आपणच लिहू. मोठं झालं तं राजूदादा तू वाचून दाखवजो, मोठेबाबाचा चष्मा कुठं असते ते कोणालेच माहीत नसते.

पयले बैलायले. आज संध्याकाळी खांद शेकसान तवा माह्या नावानं पण हळद-लोणी लावा दोन बोटं, आन "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणताना सोन्याच्या कानात जरा जास्त जोरात म्हणा, त्याले आता कमी ऐकू येते असं बाबा म्हणत होते. म्हातारा झाला तरी रुबाब पाहा त्याचा, हेटीकुंडीच्या फार्मवरच्या वळूचं बीज हाये ते, अस्सल गवळाऊ, लांबट तोंड, पांढराशुभ्र आंग. औंदा त्याले वखरावर नाही धरला हे लय चांगलं केलं. पण बंडीले पाखऱ्यासंग जुपला का अजूनही पांदणीच्या चिखलातून खताचे पोते तोच काढते, जिथं ट्रॅक्टरवाला "जमत नाही भाऊ" म्हणून वापस गेला होता. पाखऱ्या तं काय, मारका हाये, वहिनीले सोडून कोणाले हात लावू देत नाही, त्याचं बाशिंग वहिनीच बांधीन.

आन लाल्या आन सरदार. सरदार यंदा पयल्यांदा पोळ्यात उभा राहणार! मांगच्या साली गोऱ्हाच होता, गोठ्यात उड्या मारे, आन औंदा त्यानं जोतं वढलं. शंकरदादा म्हणे पयल्या दिवशी तास सोडून सरळ धुऱ्यावर जाऊन उभा रायला, हालेच ना. लाल्यानंच शिकवला त्याले, बैलच बैलाले शिकवते, आपण फक्त मांगून ओरडतो 😄

लोक म्हणतात आता ट्रॅक्टर आले, बैल कायले पायजेत. अरे पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाल्यावर त्या तासात ट्रॅक्टर घालून दाखवा ना. नांगरटी करीन तो, रोटावेटर मारीन, पण डवरणी बैलाचीच. तोंडाले मुस्कं बांधलेलं, दोन्ही बाजूले हिरवंगार पीक, पोटात भूक, आन तरी खाली मान घालून झाडाले धक्का न लावता बरोबर तासातून चालतात. मले तं हे दरसाली नवल वाटते. पावसानं उसंत दिली का चिखल वाळाच्या आत डवरे घालाचे, नाही तं तण माणसाच्या वर जाते, त्या दोन-चार दिवसात बैलायले आन माणसायले दोघायलेही बसाले भेटत नाही.

आता माणसायले. जूनमध्ये पेरलं आन पाऊस दडी मारून बसला तवा बाबा फोनवर नुसतं "पाहू" म्हणत होते, ते पाहू म्हणजे किती घोर असते ते मले माहीत हाये. मंग खालच्या वावरातलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, मोठ्या आईनं नि आईनं चिखलात बसून तुरीच्या तुटाळ्या भरल्या, निंदणाले बाया भेटत नव्हत्या तं घरच्याच बाया मजूर. राजूदादा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर, आन रातच्याले रोही आन डुकरं हाकलाले मचाणावर जागल, तरी सकाळी उठून "काही नाही ना, मजेत" म्हणते. दादा, मास्क लावत जाय फवारताना, गरमी होते म्हणून काढून ठेवू नको, 2017 साली यवतमाळकडं फवारणीनं काय झालं ते आपण सगळ्यायनं पाह्यलं हाये.

मांगच्या आठवड्यात बाबा म्हणे पीक चांगलं उभं हाये. आन लगेच ही बातमी, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क सरकारनं 30 सप्टेंबर 2025 पर्यंत काढलं. म्हणजे आपली बोंडं फुटाच्या आंधीच बाहेरच्या गाठी येऊन पडणार. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8110 आन सोयाबीनचा 5328 जाहीर केला हाये, तो कागदावर नाही तं तुमच्या हातात पडो हीच पोळ्याची खरी शुभेच्छा समजा. सणाच्या दिवशी हे काढाले नाही पायजे असं आई म्हणीन, पण आपल्याकडं पोळ्यातच तं बोलतात सगळं, झडत्या कायसाठी असतात मंग? म्हणून एक झडती मीच बांधली, जमली का सांगा, राजूदादानं उद्या तोरणाखाली म्हणाची, लाजू नको:

काळं वावर, पांढरं सोनं
कास्तकाराच्या घरी देणंच देणं
भाव पुसाले गेलो बाजारात
व्यापारी म्हणे ओलावा हाये मालात
ओलावा कुठचा, घाम हाये बापा
त्याचा भाव लाव, मंग काट्यावर मापा
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

मोठेबाबा, तुमच्या काळातल्या झडत्या यापेक्षा तिखट होत्या मले माहीत हाये, हसू नका.

शंकरदादा, तुमाले वेगळं सांगतो. गुढीपाडव्यापासून तुमी आमच्या घरी सालानं हा, पण ढोरायचं सारं तुमच्याच हातात, लाल्याचा खुर दुखला तं घरच्यायच्या आंधी तुमाले समजला. माह्याकडून बोजारा राजूदादाच्या खात्यात टाकला हाये, उद्या बैल घेऊन घरी आले का मागून घ्याचा, हक्काचा हाये. आन उद्या तुतारी गोठ्यातच राहू द्या, पाखऱ्या किती का हिसके देईना.

एक बारीक गोष्ट, शिंगायले ऑइलपेंट नका लावू बापा, गेरू लावा नाही तं बेगड चिटकवा, तेही भारीच दिसते. झूल मी मांगच्या दिवाळीत आणली होती ती लाल आरशेवाली, मोठ्या आईच्या पेटीत सगळ्यात खाली असीन.

मले यंदा येता नाही येत, इथं पुण्यात पोळ्याची सुट्टी नाही, साहेबाले सांगितलं तं तो म्हणे बैलपोळा म्हणजे ते भाद्रपदातलं ना, त्यायच्याकडं कुठं कुठं बेंदूर, कुठं भाद्रपदी पोळा, समजावत बसलो नाही. पुरणपोळी मात्र मी पण करणार, संगं कढी आन वडे, आन पयला घास काढून ठेवणार, इथं बैल नाही तं सोसायटीच्या खालच्या गाईले देईन.

परवा शनिवारी तान्हा पोळा. पिंट्याचा लाकडाचा बैल कुरिअरनं पाठवला हाये, चाकं ढिले हायेत, बाबा जरा खिळा ठोका. मागं त्याले सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा दाखवला तवापासून त्याले तेवढा मोठाच बैल पायजे, एवढ्यात समाधान मानाले सांगा. सकाळी मारबत नेताना माह्या नावानं पण एक आरोळी द्या, "रोगराई, बोंडअळी घेऊन जा गे मारबत!", आन त्यात रोही पण जोडा.

वहिनी, तोरण तुटल्यावर आपले चारही घरी येतील तवा पाय धुताना, ओवाळताना व्हिडिओ काढजो, राजूदादाले देऊ नको फोन, तो बोट लावते कॅमेऱ्यावर. आन सरदारचा चेहरा आला पायजे पूर्ण!