रात्री ९ ची नोंद: बचत गटाच्या ग्रुपवरचे एका आठवड्याचे मेसेज (मानवत तालुका, पेरणीचे दिवस)

वर पिन करून ठेवलेला मेसेज

ताई-अक्का-वहिनी, रोज रात्री ९ ला इथं मेसेज येईल. जेवणं झाली, भांडी व्हायची आहेत, तेवढ्यात अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आज हातातून जे पैसे गेले ते अक्षर आणि आकडा, एवढंच पाठवायचं. वाक्य लिहायचं नाही, हिशोब लावायचा नाही. बेरीज आम्ही दोघी करतो.

उत्तर ग्रुपवर टाकू नका, वहीच्या नंबरवर पाठवा. कुणाच्या घरी काय आलं ते बाकीच्यांनी बघायचं कारण नाही.

दहा अक्षरं आहेत:

```
क  किराणा, दळण, तेल, गॅस
भ  भाजी, दूध, अंडी, मटण
ल  लेकरं: वह्या, फी, ड्रेस, खाऊ
द  दवाखाना, गोळ्या
प  प्रवास: एसटी, रिक्षा, पेट्रोल
ब  रिचार्ज, लाईट बिल, टीव्ही
श  शेती आणि जनावरं
च  चहा, पुडी, पान
आ  आहेर, पाहुणे, देवाचं
ह  हप्ता
```

शाळेला ‘श’ लिहू नका. ‘श’ शेतीला दिलाय, शाळेचं सगळं ‘ल’ मध्ये. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, आणि वहीच्या पेरणीखर्चात कंपासपेटी येऊन बसते.

उत्तर असं दिसलं पाहिजे:

```
क १४० भ ६० च २०
```

टाइप जमत नसेल तर व्हॉइस पाठवा: “किराणा एकशेचाळीस, भाजी साठ, चहा वीस.” फक्त आधी नाव मग आकडा, हा क्रम सोडू नका. “साठची भाजी अन् वीस तिकडं” असं आलं की ते वीस कशाचे ते कळत नाही.

काहीच खर्च नसेल तर ० पाठवा. मेसेजच आला नाही तर खर्च झाला नाही की लिहायचा राहिला, हे वहीत कळत नाही.

---

सोमवार, रात्री ९

आज काय काय गेलं? सकाळपासून तीन जागा आठवा: दुकान, रस्ता, लेकरं. पदराच्या गाठीत किंवा डब्यात सकाळी किती होते अन् आता किती आहेत, एवढं बघितलं तरी निम्मं आठवतं. फोनवरून दिले असतील तर हिस्ट्री उघडून वरच्या दोन-तीन ओळी बघा.

सुटे नाहीत म्हणून दुकानदारानं गोळ्या दिल्या, तर त्या किराण्यातच. पैसे गेले ते गेले.

---

मंगळवार, रात्री ९

अक्षर, आकडा, पाठवा. काल राहिलं असेल तर पुढं ‘काल’ लावा:

```
काल क ९० / आज भ ४० प ३०
```

काल लाईट गेली म्हणून चौघींचं राहिलं होतं. रेंज नसली तरी लिहून पाठवून ठेवा, रेंज आली की आपोआप जाईल. परवाच्या मागचं आठवत बसू नका. एकच आकडा ‘अं’ लावून द्या, म्हणजे अंदाज: अं २००. वहीत त्याच्याखाली पेन्सिलची रेघ असते.

---

बुधवार, रात्री ९

आज उधारीचं नीट सांगतो, कारण कालच्या मेसेजांत तीन जागी तीच चूक आहे.

दुकानातून माल उधार आणला तर त्याच दिवशी लिहायचं, पुढं ‘उ’ लावून:

```
क २८० उ
```

पुढं पैसे चुकते कराल त्या दिवशी ‘क’ लिहायचं नाही, फक्त ‘फेड’:

```
फेड २८०
```

दोन्ही वेळा ‘क’ लिहिलं की तोच माल वहीत दोनदा खाल्लेला दिसतो. आणि फक्त फेडीच्या दिवशीच लिहिलं, तर सोयाबीन विकल्यावर एका दिवसात सगळा किराणा झाल्यासारखा दिसतो आणि पावसाळ्याचे महिने कोरडे राहतात. उधारीचा खरा आकडा तर याच महिन्यांत दिसायला पाहिजे.

उसने *घेतलेले* पैसे खर्च नाहीत. बँकेतून *काढलेले* खर्च नाहीत. गटाची बचत भरली, तीही खर्च नाही, ती वहीत वेगळ्या पानावर आहे. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र ‘ह’.

आता आजचं पाठवा.

---

गुरुवार, बाजारचा दिवस, रात्री ८:३०

आज अर्धा तास आधी, पिशवी रिकामी व्हायच्या आत. पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढता काढता आकडा बोला, व्हॉइस चालू ठेवा. भाजीचे भाव वेगवेगळे लिहू नका. पालेभाजी, वांगी, मिरची, सगळं मिळून एक ‘भ’.

एसटीचं तिकीट जेवढं दिलं तेवढंच लिहा. १७ मार्च २०२३ पासून बायांना निम्मं तिकीट आहे. सोबत घरधनी आले असतील तर त्यांचं पूर्ण अन् तुमचं अर्धं, दोन्हींची बेरीज करून एकच ‘प’.

बाजारात खाल्लेली भजी ‘च’ मध्ये. लेकरानं खाल्ली तरी ‘च’. यावर वाद घालत बसलं तर तीस सेकंद निघून जातात.

---

शुक्रवार, रात्री ९

पेरणीचा जोर आहे, म्हणून आज ‘श’ बघू. खताच्या गोणीवर छापलेला भाव लिहू नका, *दिलेले पैसे* लिहा. डीएपीची ५० किलोची गोणी १३५० रुपये, युरियाची ४५ किलोची २६६ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून १६१६.५०, वहीत १६१७. पण दुकानदारानं “हे घेतलं तरच ते देतो” म्हणून ३०० ची बाटली गळ्यात मारली, तर तीही ‘श’. गोण्या आणायला ऑटोला ६० दिले, तेही ‘श’, प्रवास नाही:

```
श १९७७
```

प्रवासात टाकलं की एकरी खर्च कमी दिसतो, आणि विकायच्या वेळी फायदा झाल्याचा भास होतो.

बाटलीचं बिल मागून घ्या. एकट्या खताचं बिल देतात अन् बाटलीचं तोंडी सांगतात.

मजुरी आज ठरली पण द्यायची नंतर आहे, तर ‘श’ अन् पुढं ‘उ’. सरकी पेंड, कडबा, जनावराचं इंजेक्शन ‘श’. दूध घातल्याचे पैसे आले ते यातून वजा करू नका, आलेल्या पैशाचं पान वेगळं आहे.

---

शनिवार, रात्री ९

अक्षर, आकडा, पाठवा. शाळा उघडलीय, ‘ल’ विसरू नका.

---

रविवार, रात्री ९

आधी आजचं पाठवा, मग खालचं वाचा.

आठवड्याची बेरीज प्रत्येकीला खाजगीत येईल. ती कशी वाचायची त्यासाठी एका घराचा नमुना, नाव न सांगता आणि त्यांना विचारून:

```
क ६४०   भ ४१५   ल ५६०
प ११०   च २४०   आ १००
ह ५००   श १९७७
एकूण ४५४२, त्यात उधार २८०
रोख गेले ४२६२
```

पहिल्यांदा ‘श’ बाजूला काढा: ४५४२ उणे १९७७, म्हणजे घरखर्च २५६५. पेरणीच्या आठवड्यात एकूण आकडा बघून घाबरायचं नाही. मग ‘च’ आणि ‘भ’ शेजारी शेजारी ठेवा. या घरात चहा-पुडीचे २४०, म्हणजे भाजीच्या निम्म्याहून जास्त. रोज वीस-चाळीसच जातात म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर येत नव्हते. ही बेरीज घरधन्याला दाखवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. दाखवायची असेल तर जेवण झाल्यावर दाखवा.

‘द’ आणि ‘ब’ या आठवड्यात शून्य, म्हणून नमुन्यात नाहीत.

दोघींचं शनिवारचं अजून आलेलं नाही. ‘काल’ लावून पाठवा, ९:३० ला या आठवड्याचं पान बंद होतं.