लाकडी पॅलेट सप्लाय २०२६-२७ : रेट भरायच्या अटी आणि परफॉर्मन्स गॅरंटी

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीला १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०२७ या वर्षासाठी एक्स्पोर्टचे लाकडी पॅलेट पाहिजेत, अंदाजे २४०० नग, म्हणजे महिन्याला २०० च्या आसपास. खालच्या अटी सगळ्यांना सारख्या आहेत, ऑर्डर झाली की हाच कागद ऑर्डरला जोडला जाईल आणि दोघांनाही बंधनकारक राहील. तेव्हा सही करायच्या आधी नीट वाचा, एखादी अट जमणार नसेल तर रेट भरायच्या आधी सांगा. अडचण रास्त वाटली तर आम्ही अट बदलू, पण मग ती सगळ्यांसाठीच बदलू आणि सगळ्यांना लेखी कळवू.

पॅलेट स्वतः बनवणारा कुणीही रेट भरू शकतो. किमान टर्नओव्हरची अट मुद्दाम ठेवलेली नाही, कारण टर्नओव्हर बघायला लागलं की वखारीत चार-पाच माणसं घेऊन चांगलं काम करणारा सुतार पहिल्याच पानावर बाद होतो. जीएसटी नंबर, उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर त्याची प्रत आणि एक सॅम्पल पॅलेट एवढं पुरे. सॅम्पल आमच्या ड्रॉईंगप्रमाणेच पाहिजे, ड्रॉईंग पर्चेस ऑफिसात फुकट मिळेल.

दोन पाकिटं करायची. पहिल्यात कागद आणि अनामत, दुसऱ्यात फक्त रेट. रेट नगाला लिहायचा, आमच्या गेटपर्यंत पोच धरून, जीएसटी वेगळा दाखवायचा. रेटच्या खाली लाकूड, खिळे, मजुरी, हीट ट्रीटमेंट आणि गाडीभाडं याची फोड द्या. फोड मागतोय ती रेट पाडायला नाही, पण कुणी अगदीच कमी भरला तर तो त्या रेटात माल देऊ शकतो का हे आधी बघावं लागतं, नाहीतर जूनमध्ये सप्लाय बंद पडतो आणि आमचं कास्टिंग लाकडावाचून पडून राहतं. भरलेला रेट ६० दिवस धरून ठेवायचा, म्हणजे २८ एप्रिलपर्यंत. ऑर्डर झाल्यावर पहिले सहा महिने रेट बदलणार नाही, पुढे लाकडाचा भाव १० टक्क्यांच्या वर चढला किंवा उतरला तर फोडीतल्या फक्त लाकडाच्या आकड्यात फरक करू, बाकीचे आकडे तसेच राहतील.

अनामत २०,००० रुपये, डीडी किंवा ऑनलाईन. उद्यम असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला अनामत माफ, त्याने फक्त रेटवरून मागे फिरणार नाही असं सही करून द्यायचं, आणि फिरला तर पुढची दोन वर्षं त्याला आमच्याकडे रेट भरता येणार नाही. ज्याला ऑर्डर मिळाली नाही त्याची अनामत निकालापासून १० दिवसात परत.

काम दोघात वाटणार आहोत. सगळ्यात कमी रेटवाल्याला ६० टक्के, आणि दुसरा त्याच रेटला तयार असेल तर त्याला ४० टक्के, तो तयार नसेल तर तिसऱ्याला विचारू.

आता परफॉर्मन्स गॅरंटी, बरीच मंडळी इथंच अडतात म्हणून सविस्तर लिहितोय. गॅरंटी तुमच्या वाट्याला आलेल्या कामाच्या ५ टक्के, सगळ्या टेंडरच्या नाही. समजा रेट १,००० रुपये आला, तर २४ लाखांपैकी ६० टक्केवाल्याचं काम १४ लाख ४० हजारांचं होतं, गॅरंटी ७२,०००. ४० टक्केवाल्याला ४८,०००. ऑर्डर मिळाल्यापासून १५ दिवसात द्यायची. बँक गॅरंटी चालेल, आमच्या नावे लिएन केलेली एफडी चालेल, एफडीचं व्याज तुमचंच. बँक गॅरंटीला बँक कमिशन घेते आणि वर मार्जिनचे पैसेही अडकवते हे आम्हाला माहीत आहे, म्हणून तिसरी वाट ठेवलीय : अर्धी रक्कम आधी भरा, उरलेली अर्धी प्रत्येक बिलातून ५ टक्के कापू. वरच्या उदाहरणात ३६,००० आधी, आणि महिन्याला १ लाख २० हजारांचं बिल धरलं तर ६,००० कापत सहा महिन्यात भरणा पुरा, त्यापुढे एक रुपयाही कापणार नाही.

बँक गॅरंटी दिली तर ती ३१ जुलै २०२७ पर्यंत चालू पाहिजे, शेवटच्या मालाची ६० दिवसांची हमी आणि त्यावर ६० दिवस असा तो हिशोब आहे. ती खरी आहे का हे आम्ही थेट बँकेला विचारून घेऊ, यात राग मानू नये.

गॅरंटीला हात कधी लावू तेही लिहून देतो. सांगून दोन वेळा माल आला नाही आणि आम्हाला बाहेरून घ्यावा लागला, तर रेटातला फरक. रिजेक्ट माल १० दिवसात बदलून दिला नाही, तर त्या मालाची किंमत. काम मध्येच सोडलं, तर झालेलं नुकसान, गॅरंटीच्या रकमेपर्यंत. प्रत्येक वेळी आधी लेखी नोटीस, ७ दिवसांची मुदत, सोबत हिशोबाचा कागद, आणि जेवढं नुकसान तेवढेच पैसे, उरलेली रक्कम तशीच राहील. नोटिशीशिवाय थेट पूर्ण जप्ती फक्त एकाच गोष्टीला : खोटा एचटी शिक्का. आयएसपीएम १५ प्रमाणे लाकडाच्या गाभ्यात ५६ डिग्री सेल्सिअस सलग ३० मिनिटं लागते आणि शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंवर स्वच्छ दिसावा लागतो. शिक्का नुसता मारलेला निघाला तर परदेशातल्या बंदरावर अख्खा कंटेनर अडतो, तिथं आमचं काही चालत नाही. स्वतःकडे चेंबर नसेल तर मान्यताप्राप्त ठिकाणाहून करून घ्या, सर्टिफिकेट प्रत्येक गाडीबरोबर पाहिजे. फळीला साल नको, भुंग्याची भोकं नकोत, गेटवर मीटर लावून बघू, ओलावा २० टक्क्यांच्या आत पाहिजे.

उशिराचा दंड उशिरा आलेल्या मालावरच, आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के. १०० पॅलेट दोन आठवडे उशिरा आले तर वरच्या रेटाने १,००० रुपये, बस. तो बिलातून कापू, गॅरंटीतून नाही.

पुराचे दिवस यात धरायचे नाहीत. २०१९ आणि २०२१ ला इथं शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, गाडी येणार कुठून? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या, म्हणजे धोका पातळीच्या वर असेल किंवा रस्ता बंद असेल तेवढे दिवस मुदत आपोआप वाढेल, दंड नाही, गॅरंटीला धक्का नाही. फक्त त्याच दिवशी फोन करून सांगा आणि मेसेज टाका. जूनअखेर १०० नगांचा साठा आमच्या शेडमध्ये आणून ठेवायचा, त्याचं बिल लगेच घेऊ.

माल आला की ३ दिवसात तपासून पास किंवा रिजेक्ट लेखी देऊ, काही कळवलं नाही तर पास समजायचा. पैसे पास झाल्यापासून ३० दिवसात. एमएसएमईडी कायदा २००६ मध्ये जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, त्याच्या पुढे आम्ही गेलो तर कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज तुम्ही लावायचं, आणि ते मागितलं म्हणून पुढच्या ऑर्डरीवर परिणाम होणार नाही. आमच्याकडून दोन बिलं ४५ दिवसांच्या वर थकली तर तुम्ही सप्लाय थांबवू शकता, त्या काळात गॅरंटी वटवता येणार नाही.

हमी संपली की, म्हणजे ३० मे २०२७ नंतर, १५ दिवसात गॅरंटी परत, अर्ज करायची गरज नाही. वाद झालाच तर आधी समोरासमोर बसू, नाही मिटला तर कोल्हापूरचं कोर्ट, आणि एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जायचा तुमचा हक्क तसाच राहील.

पाकिटं शुक्रवार २७ फेब्रुवारी २०२६ ला दुपारी ३ पर्यंत पर्चेस ऑफिसात, गेटवरच्या रजिस्टरला नोंद करून. ४ वाजता आलेल्या सगळ्यांच्या समोर फोडणार, रेट मोठ्यानं वाचून दाखवणार. ३ नंतर आलेलं पाकीट न फोडता परत.