पाचव्या रिळाची शेपटी

थिएटरचं डिजिटल मशीन कंपनीची माणसं आठवड्यापूर्वीच उचलून घेऊन गेली होती. तिच्या जागी केबिनच्या फरशीवर चार भोकं आणि धुळीची एक चौकट उरली होती. जुनी जोडी मात्र भिंतीला लागून तशीच उभी होती. पस्तीस एमएमची दोन मशीन, ओतीव लोखंडाची. ती उतरवायला जिना तोडावा लागला असता, म्हणून आजवर कुणी हात लावला नव्हता.

शेवटचा खेळ याच जोडीवर करायचा, हे तात्यांनी मालकीणबाईंना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बाईंनी मान डोलावली. तिकीट नाही, ज्याला यायचं त्याने यावं. उद्या दुपारी किल्ल्या नव्या मालकाकडे जाणार होत्या.

फिल्म होती सात रिळांची, काळी-पांढरी. वितरकाचं ऑफिस कधीच बंद पडलं आणि पेटी परत न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून ती इथे राहिली. कार्बनच्या कांड्या मागच्या कपाटात सापडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. तात्यांनी एकेक कांडी उजेडात फिरवून पाहिली. दमट झालेली कांडी आर्कमध्ये थुंकते आणि पडद्यावरचा उजेड थरथरतो. सातही रिळं निघतील एवढ्या चांगल्या कांड्या भरल्या, वर काही अर्धवट तुकडे उरले.

"आज मशीन तू चालवायचं," ते रेखाला म्हणाले.

रेखा डिजिटलच्या काळात आली होती. तिचं काम म्हणजे हार्ड डिस्क लावणं, कंपनीकडून आलेली, सिनेमा उघडायची डिजिटल की भरणं आणि ती कोणत्या तारखेला किती वाजता संपते याची वहीत नोंद ठेवणं. पण पहिल्या महिन्यापासूनच ती दुपारच्या रिकाम्या वेळात जुन्या मशीनची झाकणं उघडून बसायची. लूप किती मोठा ठेवायचा, गेट कशाने पुसायचं, सांधा कसा घ्यायचा, सगळं तिने विचारून विचारून काढून घेतलं होतं. आवाज चित्राच्या वीस फ्रेम पुढे छापलेला असतो, म्हणून गेटखालचा लूप चुकला की माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, हे कळलं त्या दिवशी ती मुद्दाम चुकीचा लूप ठेवून बघत बसली होती.

"आणि तुम्ही?"

"मी खाली बसणार आहे. सिनेमा बघायला."

ती हसली नाही. तिला ठाऊक होतं.

ऑपरेटर सिनेमा बघत नाही. लोकांना वाटतं, काय मजा आहे, रोज फुकट सिनेमा. खरं तर एक रीळ वीस-बावीस मिनिटांचं. तेवढ्या वेळात दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ भरायचं, संपलेलं उलटं गुंडाळायचं, काळ्या काचेतून आर्ककडे बघत कांड्यांमधलं अंतर सांभाळायचं. मग खिडकीशी येऊन पडद्याचा उजवा वरचा कोपरा धरायचा. तिथे एक ठिपका येतो. चार फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, पडदा या मशीनवरून त्या मशीनवर. खाली बसलेल्याला काही कळता कामा नये. कळलं, तर शिट्ट्या वाजतात. नाही कळलं, तर काहीच होत नाही, आणि ते काहीच न होणं हीच तात्यांची उभी हयात होती. शेकडो सिनेमे त्यांनी दाखवले, आणि प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा त्यांना पाठ होता.

दिवे मंदावले तेव्हा खाली साठ-सत्तर माणसं असतील. बरीचशी म्हातारी, काहींबरोबर नातवंडं. डोअरकीपर आज दार सोडून पहिल्या रांगेत बसला होता. तात्यांनी मधली खुर्ची घेतली. इथून पडदा फारच मोठा दिसत होता. मागून डोक्यावरून उजेडाचा पट्टा गेला आणि पहिलं चित्र उमटलं, जरासं धूसर. तात्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर फिरला, जणू तिथे फोकसचा स्क्रू होता. पण चित्र आपोआप स्वच्छ झालं. पोरीने वेळ घेतला नाही.

पहिलं रीळ त्यांनी कोपऱ्याकडे बघतच काढलं. ठिपका आला, मग दुसरा, चित्र सरकलंसुद्धा नाही. दुसऱ्या रिळात त्यांनी नजर जबरदस्तीने मधे आणली. गोष्ट एका खलाशाची होती, हे त्यांना माहीत होतं. त्याची बायको किनाऱ्यावरच्या घरात एकटी राहते, हेही. पण ती खलाशावर रागावलेली आहे, हे त्यांना आज कळलं. त्यांची समजूत होती, ती वाट बघते आहे. तिच्या बोलण्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक कात्री होती, आणि ती इतकी वर्षं त्यांच्या कानांवरून नुसती वाहून गेली होती, कारण ऑपरेटर आवाज ऐकतो तो घरघर आहे का एवढ्यासाठी.

तिसरं रीळ. चौथं. शेजारची आजी नातीला पुढचं सांगत होती आणि चुकीचं सांगत होती. तात्या पुढे झुकून बसले होते. ठिपके येऊन गेले असतील. ते विसरले होते.

पाचव्या रिळात पडद्यावर अंगण आलं. अंगणात कुत्रा निजलेला. आणि तात्यांच्या पोटात खड्डा पडला.

पाचव्या रिळाला ठिपके नव्हते.

ही प्रिंट फार फिरलेली होती. रिळाची टोकंच सगळ्यात आधी मरतात, दर वेळी भरताना-काढताना तीच ओढली जातात. तुटलं की सांधा, सांध्यामागे एखाद-दोन फ्रेम जातात. पाचव्या रिळाची शेपटी अशी झिजत झिजत दोन्ही ठिपक्यांसकट गेली होती. दुसऱ्या कुणी सुईने ओरखडा काढून नवी खूण केली असती. तात्यांनी ते कधीच केलं नाही. फिल्म आपल्या हातात असते ती पुढच्या ऑपरेटरकडे धड पोचवण्यासाठी, तिच्यावर खुणा करणं त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांनी खूण डोक्यात ठेवली होती: कुत्रा उठून उभा राहिला की मोटर, कडी निघाली की चेंजओव्हर. आणि हे रेखाला सांगायचं राहून गेलं होतं.

तात्या उठले. रांगेतल्या गुडघ्यांना धडकत, माफ करा, माफ करा म्हणत बाहेर आले. जिना चढता चढता ते मनात मोजत होते. अंगणानंतर ती आत जाते. मग पत्र. मग दारावर थाप. साधारण दोन मिनिटं. वळणावर त्यांनी कठड्याला धरून श्वास घेतला. ठिपक्याची वाट बघत पोरगी खिडकीशी उभी असेल, रीळ संपेल, मोकळ्या गेटमधून उजेड थेट पडद्यावर जाईल आणि खाली सगळा पडदा पांढराफटक. शेवटच्या खेळाला.

त्यांनी केबिनचं दार ढकललं तेव्हा डावं मशीन थांबत होतं आणि उजवं चालू होतं. पाचव्या रिळाचं टोक स्पूलवर फटफट आपटत होतं. रेखाने हाताने ते थांबवलं.

"ठिपके..." तात्यांना पुढे बोलवेना.

"नाहीत ना. परवा रिळं तपासताना दिसलं." तिने स्टूल पुढे ओढलं. "बसा आधी. मी टेबलावर शेपटी उलटी फिरवून पाहिली, बारा फूट मागे काय आहे ते. तिने डोळे मिटले की मोटर, असं धरलं."

"डोळे? कुत्रा उठतो तेव्हा मोटर."

"कुत्रा?"

"अंगणातला. दारातून मागे दिसतो तो."

रेखाने आठवून पाहिलं. "मला नाही दिसला. ती दारापाशी उभी असते, हात कडीवर, आणि उघडायच्या आधी डोळे मिटते. बराच वेळ. मला वाटलं, आता उघडतच नाही ही."

तात्या गप्प झाले. ते दृश्य त्यांच्यासमोरून किती वेळा गेलं असेल याचा हिशेब नव्हता. तिथे एक बाई उभी असते, एवढं त्यांना माहीत होतं. तिला चेहरा आहे, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

उरलेली दोन रिळं त्यांनी वरूनच पाहिली, एका खिडकीतून ते, दुसरीतून ती. सहाव्याचा चेंजओव्हर तिने केला आणि त्यांनी हात मागे बांधून ठेवले. खेळ संपला. टाळ्या वाजल्या, त्या पडद्याकडे तोंड करून. मग डोअरकीपर मागे वळला, त्याने केबिनच्या खिडकीकडे बघत टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळे वळले. तात्या खिडकीतून बाजूला झाले आणि रेखाला पुढे केलं.

माणसं पांगली. खालून बाईंची हाक आली, "तात्या, उतरताय ना? कुलूप लावायचंय."

तात्या कपाटापाशी होते. अर्धवट तुकड्यांतले दोन त्यांनी हातावर घेऊन तोलले. आठ मिनिटं जळतील. कदाचित नऊ.

"पाचवं गुंडाळलंस?"

"नाही अजून."

"सगळं नको. सातशे फूट मागे घे."

रेखाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि रीळ टेबलावर चढवलं. तात्या जिना उतरले. बाई दाराशी कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या.

"बाई, आठ मिनिटं द्या. बसा."

"आता? कशासाठी?"

"एक बघायचं राहिलंय."

बाई बसल्या, कुलूप मांडीवर घेऊन. डोअरकीपरने झाडू भिंतीला टेकवला आणि तोही बसला. मागे आर्क पेटला. आधी अंगण आलं, मग पत्र, मग थाप. ती दारापाशी आली, तिचा हात कडीवर गेला. तिने डोळे मिटले. पापण्या घट्ट नव्हत्या, आतून काहीतरी बाहेर यायला बघत होतं आणि ती त्याला थोपवून धरत होती. राग होता तो, आणि राग जाईल याची भीतीही. तात्या तोंड उघडं ठेवून बघत राहिले. कडी निघाली, आणि पडदा पांढरा झाला.

"कुत्रा उठला का?" वरून रेखाने ओरडून विचारलं.

"कुणी पाहिलाय कुत्रा!" तात्या खुर्चीतून अर्धे उठत ओरडले. "परत लाव!"

"कार्बन संपला, तात्या!"

"तुकडे आहेत कपाटात! खालच्या कप्प्यात बघ!"