आधी ‘युगान्त’ की आधी ‘व्यासपर्व’?

पोरी,

पगार होईपर्यंत एकच पुस्तक परवडतंय, तर कुठलं घेऊ, असं विचारलंस. दोन्ही महाभारतावरची, दोन्ही बायकांनी लिहिलेली, म्हणून तुला वाटतंय एक वाचलं की झालं. तसं नाही.

काल दोन्ही पुढ्यात घेऊन बसले आणि फक्त द्रौपदीवरचे लेख वाचले. तूही पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या तेवढंच कर. द्यूतसभेत द्रौपदी विचारते, स्वतःला हरलेल्या धर्मराजाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? आपण लहानपणापासून ऐकत आलो, काय बाणेदार प्रश्न! ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्वे म्हणतात, हा प्रश्न विचारणं हीच तिची चूक. भरल्या सभेत कायद्याचा कीस पाडायची ती वेळ नव्हती. मला तर रागच आला. पुस्तक मिटलं, भाकऱ्या थापल्या, आणि थापता थापता बाईंशी मनातल्या मनात भांडत राहिले. शेवटी त्याच बाई द्रौपदीचं मरण अशा लिहितात की डोळ्यांत पाणी येतं. पुढच्या जन्मी तू थोरला हो, असं ती भीमाला म्हणते. ते बाईंनी कल्पनेनं लिहिलंय, आणि कल्पना आहे हे लपवत नाहीत.

खांडववनाचंही तसंच. कृष्णार्जुनांनी रान पेटवलं, त्यात कोण कोण जळालं, हा हिशोब त्या मांडतात. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक ना त्या! हाताशी भांडारकर संस्थेची संशोधित प्रत, त्यामुळे मागाहून घुसडलेल्या गोष्टींना थारा नाही. भाषा मात्र सरळ, गप्पा मारल्यासारखी.

दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ आधीचं, १९६२ चं. अंगानं लहान आहे म्हणून चटकन संपेल असं समजू नकोस. त्या पुरावा मांडत बसत नाहीत, माणसाच्या मनात उतरतात. वाक्यं घट्ट विणीची, आपल्याकडच्या सोलापुरी चादरीसारखी. घाईत वाचलं तर हाती काही लागत नाही. मी कॉलेजात असताना निम्म्यात सोडलं होतं. चाळिशीनंतर उघडलं तेव्हा कुठे आत जाता आलं, आणि आता वर्षातून एकदा तरी काढते.

म्हणून माझं ऐकशील तर आधी ‘युगान्त’ वाच, पण विकत घेऊ नकोस. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आण, आठवड्यात संपवशील. पैसे ‘व्यासपर्व’वर घाल. ते परत करायच्या तारखेवर डोळा ठेवून वाचायचं पुस्तकच नाही.

माझी प्रत मागू नकोस. मागच्या खेपेला नेलेलं पुस्तक शेंगाचटणीच्या तेलाचे डाग घेऊन परत आलंय.

तुझी मावशी