बाबांच्या टू-डी इकोच्या रिपोर्टबाबत

म्युनिक, जर्मनी
२६ एप्रिल

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

मी दारव्ह्याच्या नामदेवरावांची (वय ६८) थोरली मुलगी, सुनंदा. मागच्या आठवड्यात तुम्ही बाबांना टू-डी इकोसाठी यवतमाळला पाठवलं होतं. आईला वाचता यावा म्हणून भावाने तो रिपोर्ट एकाकडून मराठीत करून घेतला. मूळ इंग्रजी कागद तुमच्याकडे फाईलला आहेत. माझ्याकडे मराठी पानांचे फोटो तेवढे आलेत.

त्यात पहिल्या पानावर ईएफ ३५ टक्के आहे आणि शेवटी निष्कर्षात ५३ टक्के. टाइप करताना आकडे उलटले असावेत, पण खरा कोणता? धडधाकट माणसाचाही ईएफ साधारण ५५ ते ७० असतो, एवढं मला माहीत आहे. म्हणजे ५३ असेल तर फार घसरलेला नाही, आणि ३५ असेल तर पंपिंग बरंच कमी झालंय. कृपया मूळ रिपोर्ट बघून सांगा. सध्याच्या गोळ्या कोणता आकडा धरून दिल्यात, तेही कळू द्या.

खाली ‘हृदय बंद पडले आहे’ असं छापलंय. मुळात हार्ट फेल्युअर लिहिलेलं असणार. पण आईने ते वाचलं, आणि तेव्हापासून ती बाबांना वावरात सोडाच, अंगणातही एकटं जाऊ देत नाही. रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठेवून बघते. मी फोनवर सांगितलं की तिला वाटतं, पोरगी समजूत काढते आहे. तुम्ही समोर बसवून सांगितलंत तर ती मानेल.

बाबा स्वतःहून सांगणार नाहीत, म्हणून दोन गोष्टी कळवते. आडवं झालं की त्यांना दम लागतो, दोन उशा घेऊन झोपतात. आणि संध्याकाळी पाय सुजतात. व्हिडिओ कॉलवर पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ दिसला. गुडघ्यासाठी ते अधूनमधून मेडिकलमधून दुखण्याची गोळीही आणतात. त्या गोळ्यांनी अंगात पाणी साठतं असं मी वाचलंय. कोणती घेतात ते भावाला तुम्हाला दाखवायला सांगितलंय, पण बंद करा हे बाबांना तुमच्याच तोंडून जायला हवं.

पाण्याचंही विचारायचं होतं. कागदावर ‘द्रव मर्यादित’ एवढंच आहे, किती ते नाही. आपल्याकडच्या उन्हात, लघवीची गोळी चालू असताना, दिवसाचं पाणी नेमकं किती द्यायचं? आई तांब्याने मोजते, तेव्हा लिटरसोबत तांबेही सांगितलेत तर बरं.

भाऊ सोमवारी बाबांना घेऊन येतोय. तुम्ही मूळ रिपोर्टचा फोटो काढू दिलात तर तो मला पाठवेल. तुमची संध्याकाळची ओपीडी संपते तेव्हा इथे दुपार असते. पाच मिनिटं बोलता आलं तर मी फोन हातात घेऊनच बसेन.

आपली,
सुनंदा