मास्टरच्या परीक्षेसाठी सेकंड ऑफिसर पदाचा राजीनामा

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१६ जून २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
क्रू विभाग, मुंबई कार्यालय

प्रत: मरीन सुपरिंटेंडेंट

विषय: सेकंड ऑफिसर पदाचा राजीनामा

महोदया,

मी आपल्या ताफ्यातल्या बल्क कॅरिअरवर सेकंड ऑफिसर होतो आणि मागच्या महिन्यात साइन ऑफ करून घरी आलो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जॉइनिंग असल्याचा निरोप आपल्याकडून आला आहे. त्या जहाजावर मी येणार नाही. मास्टर फॉरेन गोइंगच्या परीक्षेला बसायचे ठरवले असून त्यासाठी कंपनीची नोकरी सोडत आहे. करारानुसार एक महिन्याची सूचना म्हणून हे पत्र धरावे. १६ जुलैनंतर माझे नाव कोणत्याही जहाजाच्या क्रू यादीत ठेवू नये, म्हणजे ऑगस्टसाठी दुसरा अधिकारी शोधायला आपल्याला पुरेसा अवधी मिळेल.

कारण थोडे सविस्तर लिहितो, कारण फोनवर आपण विचारले तेव्हा मी नुसते 'अभ्यास' म्हणून मोकळा झालो होतो.

मागच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये युरोपच्या फेरीचा पॅसेज प्लॅन मी सुएझमार्गे केला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपवरून जायचा निर्णय झाला आणि बर्थ टू बर्थ सगळा प्लॅन नव्याने करावा लागला. २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून हे काही नवीन राहिलेले नाही. इसीडिसवरचे वेपॉइंट हलवणे, अगुल्हास प्रवाहाच्या उलट नैऋत्येचा वारा सुटला की २०० मीटर खोलीच्या रेषेबाहेर कशा लाटा उठतात ते पाहून किनाऱ्यापासूनचे अंतर ठरवणे, हे माझे काम आणि ते मला जमते. पण त्याच रात्री कॅप्टनसाहेब कार्यालयाशी बोलत होते ते वॉर रिस्क विम्याबद्दल, चार्टर पार्टीतल्या कलमांबद्दल आणि वाढलेल्या दिवसांचे इंधन कोणाच्या खात्यावर पडणार याबद्दल. मी चार्ट टेबलापाशी उभा राहून ऐकत होतो आणि त्यातले निम्मे मला कळत नव्हते. नकाशावरची रेघ मी मारतो, पण ती कुठून जाणार हे ज्या गोष्टींवर ठरते त्या मला शिकायच्या आहेत. आयएसएम कोड सुरक्षिततेच्या बाबतीत अंतिम अधिकार कॅप्टनला देतो. तो वापरायची वेळ येण्याआधी त्यामागचा कायदा माहीत असलेला बरा.

चीफ मेटचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, सागरी सेवेची अटही पूर्ण झाली आहे. मास्टरचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून कोणी लगेच कॅप्टन करत नाही, आधी चीफ ऑफिसर म्हणून काम करावे लागेल, हे मी जाणतो. तरीही आणखी एक कॉन्ट्रॅक्ट करून मग बघू, असे म्हणत पुढे ढकलत राहिलो तर हे होणार नाही. आपण बाँडवर अभ्यासरजा देऊ केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ओरल्स किती प्रयत्नांत निघतील हे कोणाच्या हातात नसते, आणि परतायच्या तारखेची टांगती तलवार डोक्यावर ठेवून मला वाचता येणार नाही.

वर्ग मुंबईत करणार आहे. नागपुरात राहून अभ्यास होणे कठीण, कारण जहाजावरून आलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस असा आमच्या घरच्यांचा ठाम समज आहे.

जहाजावर माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला हँडओव्हर लेखी दिला आहे. साइन ऑफच्या आठवड्यापर्यंतच्या नोटिसेस टू मरिनर्स लावलेल्या आहेत. जायरोची चूक पूर्वेकडे सरकत होती, ती नोंद कंपास ऑब्झर्व्हेशन बुकात आहे. पुढच्या बंदरात तंत्रज्ञ बोलवावा अशी मागणी मी निघण्यापूर्वीच पाठवली होती. तिचा पाठपुरावा कार्यालयाने कृपया करावा.

एक विनंती. सागरी सेवेचे प्रमाणपत्र शक्य तितक्या लवकर द्यावे. त्यात जहाजाचे ग्रॉस टनेज, फेऱ्या परदेशी असल्याचा उल्लेख आणि स्वतंत्र वॉच सांभाळल्याचा काळ स्पष्ट असावा, आणि तारखा माझ्या सीडीसीतल्या नोंदींशी जुळाव्यात. एका दिवसाचा फरक पडला तरी परीक्षेचा अर्ज अडकतो. रजेच्या पगाराचा उरलेला हिशेब नेहमीच्या खात्यात जमा करावा. कंपनीचे ओळखपत्र कुरिअरने पाठवत आहे.

ऑगस्टच्या जहाजावर जो अधिकारी जाईल त्याला पॅसेज प्लॅनबद्दल काही विचारायचे असेल तर माझा नंबर जरूर द्यावा. जुलैअखेरपर्यंत मी नागपुरातच आहे.

आपला विश्वासू,
निखिल बोरकर
सेकंड ऑफिसर