वाटणीपत्राचा ड्राफ्ट, सोप्या भाषेत

दादा, नीलूताई, वकिलांकडून ड्राफ्ट आलाय, 27 पानं आहेत आणि त्यातली निम्मी तर चतुःसीमाच, पूर्वेस अमुक पश्चिमेस तमुक, ती सोडा. बाकीचं काल रात्री बसून वाचलं ते लिहितो.

आजोबांच्या नावावरची सगळी मिळून 105 गुंठे जमीन आणि घर, त्याचे तीन सारखे हिस्से: आमचे नाना, तुमचे अण्णा (म्हणजे आता तुम्ही दोघं) आणि आत्या. सारखे म्हणजे किमतीनं, गुंठ्यांनी नाही. तुम्हाला वरची बाग, 45 गुंठे, हापूसची 38 कलमं. आत्याला रस्त्यालगतची 25, कमी दिसतात पण भाव तिथेच आहे. नानांना घर आणि 35 गुंठे. घरामुळे नानांचं पारडं जड होतं म्हणून ते तुम्हाला 6 लाख देणार, नोंदणीच्या दिवशी, तुमच्या एनआरओ अकाउंटला.

विहीर वाटलेली नाही, सामाईक. पंपाचं लाइटबिल तिघांनी सारखं भरायचं. बागेत जायची वाट आत्याच्या जमिनीतून जाते, ती 8 फूट कायम मोकळी ठेवायची असं लिहिलंय, चांगलं झालं, नाहीतर पेट्या डोक्यावरून आणाव्या लागल्या असत्या.

आता पान 19 नीट वाचा, फोटो पाठवलाय. "यापुढे घरावर इतरांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही." म्हणजे गणपतीला आलात तर पाहुणे म्हणून. मी नानांना म्हटलं माळ्यावरच्या खोलीचं लिहूया, तुम्हाला राहायचा हक्क असा, तर म्हणाले लिहायचं कशाला, घर त्यांचंच आहे. नाना आहेत तोवर खरंय ते. पण माझ्या मागे माझी पोरं काय करतील हे मलाही माहीत नाही, तेव्हा माझ्याच बापाच्या विरुद्ध सांगतो, लिहून घ्या. तुम्ही दोघांनी फोन केलात तर ऐकतील, माझं नाही ऐकत.

सहीसाठी यायची गरज नाही. कुणाला तरी मुखत्यारपत्र द्या, मात्र फक्त या वाटणीपत्रापुरतं, जमीन विकायचा अधिकार त्यात टाकू नका, अगदी मला देत असाल तरी. दादा, तुम्ही तिकडच्या आणि ताई तुम्ही तुमच्या इंडियन कॉन्सुलेटमध्ये अटेस्ट करून मूळ प्रत कुरियर करा, स्कॅन चालणार नाही. इथे पोचल्यावर 3 महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, तेव्हा पाठवलं की लगेच कळवा.

नोंदणी राजापूरला दुय्यम निबंधकांकडे. मग मोजणी, फेरफार, आणि तुमच्या नावाचा वेगळा सातबारा. मोजणीला वेळ लागेल, पावसात तर कोणी येत नाही.

रविवारी तुमच्या सकाळी कॉल करूया का? ताईंना रात्र होईल पण चालेल ना. नाना 9 वाजता झोपतात, त्याआधी.